गच्चीची गळती आणि कंत्राटदाराची हमी

गच्चीला जलरोधक लेप किंवा कोबा करून घेतला, कंत्राटदाराने दहा वर्षांचे हमीपत्र दिले, एक-दोन पावसाळे कोरडे गेले आणि तिसऱ्या पावसाळ्यात छताला पुन्हा ओल आली, असा अनुभव राज्याच्या अनेक भागांतील घरमालकांना येतो. अशा वेळी घरमालक हमीपत्र पुढे करतो व कंत्राटदार त्यातील अटी पुढे करतो. गळती आहे याविषयी दोघांचेही दुमत नसते. वाद असतो तो ती कशामुळे झाली याविषयी, आणि हमीचा सर्व प्रश्न या एका मुद्द्याभोवती फिरत असतो. गळतीचे कारण ठरविण्याची रीत, तसेच हमीची मागणी केव्हा व कोणत्या शब्दांत करावी, याची माहिती येथे एका उदाहरणाच्या आधारे दिली आहे. उदाहरणातील घरमालक व कंत्राटदार कल्पित आहेत. परंतु त्यांच्यातील वाद नेहमीचाच आहे.

हमी कोणत्या कामाची?

आपल्याकडे गच्चीसाठी सर्वांत अधिक प्रचारात असलेली पद्धत ब्रिकबॅट कोब्याची होय. स्लॅब स्वच्छ करून तिच्यावर सिमेंटचा पातळ थर देतात. त्यावर विटांचे तुकडे सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसवितात व त्यांच्या जाडीतूनच पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार काढतात. हा उतार साधारणपणे शंभरास एक, म्हणजे एक मीटर लांबीस एक सेंटिमीटर, एवढा असावा लागतो. वरून जलरोधक द्रव्य मिसळलेला सिमेंटचा गुळगुळीत थर देऊन त्यावर चौकटी आखतात, अथवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवितात. गच्ची व कठडा जेथे मिळतात तो कोपरा काटकोनी न ठेवता गोलाई देऊन भरतात. त्यास गवंडी ‘वाटा’ म्हणतात. हा वाटा कठड्यावर सुमारे एक फूट चढवून त्याची वरची कड भिंतीत खाच पाडून आत घेणे आवश्यक असते. खाच न घेता कड नुसती गिलाव्यावर टेकविली, तर काही उन्हाळ्यांनंतर तेथे केसासारखी फट पडते आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी वाट्याच्या मागून सरळ स्लॅबवर उतरते.

कोब्याचा आणखी एक गुण लक्षात ठेवणे जरूर आहे. वरचा थर एखाद्या ठिकाणी तडकला म्हणजे पाणी विटांच्या तुकड्यांत शिरते, तेथे साठते व स्लॅबच्या उताराने सरकत जाते. स्लॅबमधून ते बाहेर पडते ते सर्वांत सोप्या वाटेने. पुष्कळदा विजेच्या नळीतून किंवा पंख्याच्या हुकाजवळून. सबब छतावर ओल दिसली त्याच्या बरोबर वर दोष असेलच असे नाही. पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस ठिबक चालू राहते तीही याच कारणाने. दिव्याच्या किंवा पंख्याच्या जागी पाणी येत असल्यास त्या खोलीचा विद्युतप्रवाह प्रथम बंद करणे हे इतर कोणत्याही उपायाच्या आधीचे काम होय.

एक उदाहरण

एका घरमालकाने मे २०२२ मध्ये आपल्या बंगल्याच्या २६ फूट लांब व २५ फूट रुंद गच्चीला ब्रिकबॅट कोबा करून घेतला. क्षेत्रफळ ६५० चौरस फूट व दर ९० रुपये, म्हणजे ५८,५०० रुपये. त्यावर अठरा टक्के दराने १०,५३० रुपये कर धरून एकूण ६९,०३० रुपये त्याने बँकेमार्फत दिले. दरपत्रकात ‘कठड्यास वाटा, एक फूट उंचीपर्यंत’ असे स्पष्ट लिहिलेले होते. कंत्राटदाराने आपल्या छापील कागदावर दहा वर्षांची हमी दिली. स्लॅबला पडणारे बांधकामातील तडे, घरमालकाने नंतर केलेली तोडफोड आणि पाण्याची तोंडे तुंबल्यामुळे झालेली गळती हमीत येणार नाही, अशा तीन अटी तिच्यात होत्या.

दोन पावसाळे निर्वेध गेले. जुलै २०२४ मध्ये शयनगृहात पंख्याजवळ पाणी ठिबकू लागले व दुसऱ्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पोपडे आले. दूरध्वनी केल्यावर कंत्राटदाराचा माणूस आला आणि भर पावसात दोन-तीन भेगांवर सिमेंट फासून गेला. ऑगस्टमध्ये गळती पूर्ववत सुरू झाली. त्यानंतर ‘गणपती झाल्यावर पाहू’, ‘दिवाळीनंतर माणसे पाठवितो’ अशी उत्तरे मिळत गेली. अखेरीस कंत्राटदाराने सांगितले की, २०२३ साली गच्चीवर सौर बंबाचा सांगाडा बसविताना भोके पाडली गेली, त्यामुळे हमी संपुष्टात आली आहे.

येथे घरमालकाची बाजू दोन कारणांनी दुबळी होती. झालेले सर्व बोलणे तोंडी होते, आणि सांगाड्याविषयीचे कंत्राटदाराचे म्हणणे खोडून काढण्यास कोणताही आधार हाती नव्हता. ही दोन्ही वैगुण्ये दूर करणे त्याच्या हातचे होते.

पाणी भरून परीक्षा

गळती गच्चीच्या पृष्ठभागातून आहे की कठड्यातून, हे पावसाळ्यात ठरविता येत नाही. कारण तेव्हा दोन्ही एकाच वेळी भिजतात. पावसाळा संपून छत बऱ्यापैकी वाळल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, गच्चीवर पाणी साठवून परीक्षा घ्यावी. पाण्याची तोंडे घट्ट बंद करून ४८ ते ७२ तास पाणी ठेवतात व खालून छताचे निरीक्षण करतात.

या परीक्षेचा खरा उपयोग गच्चीचे भाग पाडल्याने होतो. मसाल्याचे किंवा मातीचे लहान बांध घालून एका वेळी एकच भाग भरावा आणि तो कोरडा झाल्यावर पुढचा घ्यावा. पाण्याच्या वजनाचे भानही ठेवले पाहिजे. एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलोग्रॅम भार. पाच सेंटिमीटर पाणी भरल्यास प्रत्येक चौरस मीटरवर पन्नास किलोग्रॅम भार पडतो. चांगल्या स्लॅबला तो जड नाही. परंतु जिच्या सळया गंजून उघड्या पडल्या आहेत किंवा जी खाली वाकलेली दिसते अशा स्लॅबवर पाणी भरू नये. तेथे आधी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

परीक्षेपूर्वी आणखी एका शक्यतेचा निकाल लावावा लागतो. गच्चीवर टाकी असेल तर टाकी किंवा तिचे नळ गळत असण्याचा संभव असतो. पाऊस नसतानाही महिनोन् महिने ओल कायम राहिली, तर संशय प्रथम टाकीवर घ्यावा. टाकीकडे येणारा व जाणारा नळ रात्रभर बंद ठेवून पातळीची खूण केली की तिचा दोष उघड होतो. अशा गळतीस गच्चीचा कंत्राटदार जबाबदार नसतो.

उदाहरणातील घरमालकाने एका स्थापत्य अभियंत्यास बोलाविले. परीक्षेची तारीख व वेळ कंत्राटदारास आठ दिवस आधी लेखी कळविली आणि त्याने स्वतः उपस्थित राहावे अशी विनंती केली. कंत्राटदार आला नाही. तथापि त्याला पाचारण केले होते याचा पुरावा राहिला. गच्चीचे तीन पट्टे पाडण्यात आले. सौर बंबाचा सांगाडा ज्या पूर्वेकडील पट्ट्यात होता तो प्रथम भरला. ४८ तासांत खाली ओलीचा मागमूसही दिसला नाही. मधला पट्टाही निर्दोष ठरला. पश्चिमेकडील पट्टा भरल्यावर मात्र सुमारे वीस तासांत पंख्याजवळ ओल उमटली व दुसऱ्या दिवशी थेंब पडू लागले. त्या पट्ट्याच्या वरच्या थरावर लाकडी दांड्याने ठोकले असता बराच भाग पोकळ वाजत होता. वरचा थर विटांच्या थरापासून सुटला असल्याची ती खूण होय.

दुसऱ्या खोलीच्या कोपऱ्यातील ओल मात्र तिन्ही पट्टे भरूनही आली नाही. म्हणून गच्ची कोरडी ठेवून कठड्यावर वाट्याच्या कडेवरून तासभर पाणी ओघळू दिले. तेव्हा कोपरा भिजला. वाट्याची कड थोडी उकलून पाहता ती खाचेत घेतलेलीच नाही असे आढळले. कठड्याच्या माथ्यावर गिलाव्याला आडवे तडे गेले होते व एका तड्यात पिंपळाचे रोप उगवले होते. तेथून शिरणारे पाणीही भिंतीत ओल धरीत होते.

या परीक्षेमुळे वादाचे तीन स्वतंत्र भाग झाले. पश्चिम पट्ट्याचा सुटलेला थर हा कामातील दोष असून तो हमीत बसतो. वाट्याचे काम दरपत्रकात लिहिलेले असल्याने तोही दोष कंत्राटदाराकडे जातो. कठड्याच्या माथ्याचा गिलावा मात्र कंत्राटदाराने केलेला नव्हता. त्याचा खर्च घरमालकानेच सोसणे न्यायाचे आहे. सांगाड्याची सबब तर त्याच्या खालचा पट्टा कोरडा राहिल्यामुळे आपोआपच निकालात निघाली. जी गोष्ट आपल्या मागणीत बसत नाही ती स्वतःहून वगळल्यास उरलेल्या मागणीवर विश्वास बसणे सोपे जाते.

मागणीपत्र

हमीची मागणी लेखी असावी व ती स्पीड पोस्टाने पाठवून पोच मिळाल्याचा पुरावा जपून ठेवावा. हमीपत्रावर केवळ दुकानाचे किंवा व्यवसायाचे नाव असेल आणि तो एकाच व्यक्तीच्या मालकीचा असेल, तर पत्र व पुढील तक्रार त्या मालकाच्या नावे व्यवसायाचे नाव जोडून करावी. रासायनिक लेपाच्या कामात कधीकधी दोन हमी असतात. एक द्रव्य बनविणाऱ्या कंपनीची व दुसरी ते लावणाऱ्या कंत्राटदाराची. पहिली बहुधा द्रव्याच्या गुणवत्तेपुरतीच असते. सदोष कामाची भरपाई तिच्यातून मिळेल असे गृहीत धरू नये. शंका असल्यास दोघांनाही पत्र पाठवावे.

उदाहरणातील मागणीपत्राचा मजकूर पुढीलप्रमाणे होता :

‘आपण मे २०२२ मध्ये माझ्या घराच्या गच्चीचे जलरोधक काम केले व त्याबद्दल ६९,०३० रुपये आपणास पोचले आहेत. आपण दहा वर्षांची लेखी हमी दिली आहे. जुलै २०२४ मध्ये गळती सुरू झाली. आपल्या माणसाने केलेल्या दुरुस्तीनंतर ऑगस्टमध्ये ती पुन्हा झाली. परीक्षेची सूचना आपणास देण्यात आली होती. अभियंत्यांच्या अहवालाची प्रत सोबत आहे. त्यानुसार पश्चिम पट्ट्याचा कोबा काढून नव्याने करावा आणि कठड्याच्या चारही बाजूंचा वाटा खाच घेऊन पुन्हा बांधावा. काम तीस दिवसांत सुरू करून पावसाळ्यापूर्वी पुरे करावे व पाणी साठवून आमच्यासमक्ष परीक्षा द्यावी. तसे न झाल्यास हे काम अन्य कंत्राटदाराकडून करून घेऊन त्याचा खर्च व इतर नुकसान आपणाकडून वसूल करण्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.’

या पत्रात रागाचा शब्द नाही आणि मोघम मागणीही नाही. कोणता भाग, कोणते काम, किती मुदतीत व ते झाल्याची खातरी कशी करावयाची, हे चारही मुद्दे त्यात आले आहेत. ‘गळती बंद करून द्यावी’ एवढेच लिहिले असते, तर पुन्हा भेगांवर सिमेंट फासून मागणी पुरी केल्याचे कंत्राटदारास म्हणता आले असते.

ग्राहक आयोगाकडे

कंत्राटदाराने दाद न दिल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. करारानुसार पत्करलेल्या कामाच्या गुणवत्तेतील उणीव ही या अधिनियमाच्या दृष्टीने सेवेतील त्रुटी होय. आयोगाची अधिकारकक्षा मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क पडत नाही. कंत्राटदार दुसऱ्या जिल्ह्यातील असला तरी तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रारीपूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावरही गाऱ्हाणे नोंदविता येते. मात्र तेथील नोंद म्हणजे आयोगाकडील तक्रार नव्हे.

यात सर्वांत अधिक चुकते ते मुदतीच्या बाबतीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. हमी दहा वर्षांची आहे म्हणजे तक्रारीलाही दहा वर्षे आहेत, असा समज करून घेणे घातक ठरते. त्याचप्रमाणे पत्रे पाठवीत राहिल्याने किंवा कंत्राटदाराच्या वायद्यांवर थांबल्याने मुदत वाढत नाही. उशिरास सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो; परंतु तो त्याच्या स्वाधीनचा प्रश्न आहे. म्हणून गळती पुन्हा प्रथम दिसली तो दिवस धरून मुदत मोजणे सर्वांत सुरक्षित होय. उदाहरणातील घरमालकासाठी ती जुलै २०२६ मध्ये संपते. ‘पुढच्या पावसाळ्यात पाहू’ असे दोनदा ऐकून घेतले की तेवढा काळ संपतोच.

कंत्राटदारास तक्रारीची सूचना मिळाल्यावर लेखी उत्तरासाठी तीस दिवस असतात. आयोग त्यात आणखी पंधरा दिवसांपर्यंत वाढ देऊ शकतो, त्याहून अधिक नाही. दोन्ही पक्ष तयार असल्यास प्रकरण मध्यस्थीकडे जाऊ शकते. गच्चीच्या वादात ते पुष्कळदा उपयुक्त असते, कारण घरमालकास पैशापेक्षा कोरडे छत हवे असते.

प्रकरणाच्या निकालास विलंब लागू शकतो आणि पावसाळा त्यासाठी थांबत नाही. दरम्यान दुरुस्ती करून घ्यावी लागली, तर पुरावा नष्ट होणार नाही अशा रीतीने ती करावी. पाहणीसाठी तज्ज्ञ नेमण्याची विनंती आयोगास आधी करावी. दुरुस्तीची तारीख कंत्राटदारास लेखी कळवावी. कोबा फोडताना प्रत्येक थराची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, सुटलेल्या थराचे तुकडे ठेवावेत व अभियंत्याने समक्ष पाहून टिपण करावे. एकदा नवा कोबा झाला की जुन्याचा दोष दाखविण्यास याखेरीज दुसरे साधन उरत नाही.

उदाहरणातील मागणीचा हिशेब असा होता : पश्चिम पट्टा सुमारे २२० चौरस फूट, जुना थर काढण्यासह दर १४० रुपये, म्हणजे ३०,८०० रुपये, वाटा १०२ फूट, दर ८५ रुपये, म्हणजे ८,६७० रुपये, आतील गिलावा व रंग १४,००० रुपये, अभियंत्याचे शुल्क ५,००० रुपये. एकूण ५८,४७० रुपये. मनस्ताप व तक्रारखर्चाची मागणी याहून वेगळी होती. कठड्याच्या माथ्याचा गिलावा या हिशेबात धरलेला नाही. प्रत्येक रकमेस दरपत्रक किंवा पावती जोडलेली होती. संपूर्ण ६९,०३० रुपये परत मागण्याचा मोह घरमालकाने टाळला. कारण गच्चीचे दोन भाग परीक्षेत उतरले होते आणि तो अहवाल त्याचाच होता.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत ही रीत थोडी बदलते. तेथे गच्ची सामाईक असते व कंत्राटदाराशी करार संस्थेचा असतो. वरच्या मजल्यावरील सदस्याने संस्थेस लेखी कळवावे व हमीची मागणी संस्थेने करावी. सहकारी संस्थेसही आयोगाकडे तक्रारदार म्हणून जाता येते. दोन वर्षांची मुदत तिलाही लागू असल्याने वार्षिक सभेची वाट पाहत हा विषय पुढे ढकलू नये.

काम देतानाच घ्यावयाची काळजी

हमीचा दावा पुढे कितपत टिकेल हे काम देतानाच बऱ्याच अंशी ठरून जाते. दरपत्रकात थरांची नावे, उतार, वाट्याची उंची व खाच यांचा उल्लेख असावा. शेवटचा हप्ता पाणी साठवून घेतलेल्या परीक्षेनंतरच द्यावा व परीक्षेची तारीख हमीपत्रावर लिहून घ्यावी. हमीत दुरुस्तीचे साहित्य व मजुरी दोन्ही विनामूल्य आहेत काय, आणि तक्रारीनंतर किती दिवसांत काम सुरू होईल, हे त्यात असावे. काम झाल्यावर सौर बंब, तबकडी किंवा तारा बसवावयाच्या असतील तर कोब्यात भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर त्या उभ्या कराव्यात. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पाण्याची तोंडे व जाळ्या साफ करून एक छायाचित्र तारखेसह ठेवावे. तोंडे तुंबल्याची सबब पुढे आली, तर त्या वेळी हेच छायाचित्र उपयोगी पडते.